तीन वेळा तीन, मग एकदा दोन

१६ बाय २ चा साधा कॅरेक्टर एलसीडी कोणीही पहिल्यांदा चार बिटवर चालवायला घेतला की सुरुवातीच्या कोडमधे त्याला एक विचित्र गोष्ट दिसते. `0x3` पाठवा, थांबा. परत `0x3` पाठवा, थांबा. परत `0x3`. आणि मग `0x2`. बहुतेक जण हे मंत्रासारखं कॉपी करतात आणि पुढे जातात, चालतंय ना मग झालं. काही जण त्यातले दोन तीन काढून टाकतात, कारण त्यांच्या टेबलावर त्याशिवायही डिस्प्ले चालू होतो. आणि तो खरंच चालू होतो, म्हणूनच हा विषय मला नीट लिहून ठेवावासा वाटला, कारण टेबलावर चालणं वेगळं आणि रावेर तालुक्यातल्या केळीच्या बागेत मोटरच्या स्टार्टरशेजारी चालणं वेगळं.

आधी चार बिट म्हणजे काय ते पटकन सांगतो. या डिस्प्लेच्या मागे जो कंट्रोलर असतो तो मूळचा हिताचीचा एचडी४४७८०, किंवा त्याच्याच चालीचा दुसऱ्या कोणाचा. त्याला आठ डेटा पिना आहेत, पण मायक्रोकंट्रोलरच्या पिना वाचवायच्या म्हणून आपण वरच्या चारच जोडतो, डी४ ते डी७. मग एक बाइट दोन तुकड्यांत जातो, आधी वरचे चार बिट, मग खालचे चार. या अर्ध्या तुकड्याला निबल म्हणतात. प्रत्येक निबल तारांवर ठेवला की ई पिन वर करायची आणि खाली करायची, आणि ती खाली येते त्या क्षणी कंट्रोलर तो निबल आत घेतो. आरएस पिन सांगते की हा हुकूम आहे की अक्षर. आरडब्ल्यू पिन आपण सरळ ग्राउंडला बांधतो, कारण डिस्प्लेकडून काही वाचायचंच नसतं.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, पुढचं सगळं यावरच उभं आहे. निबल पहिला आहे की दुसरा हे सांगणारी कुठलीही तार नाही. कंट्रोलर फक्त मोजतो, हा पहिला, हा दुसरा, हा पहिला, हा दुसरा. फोनवर कोणी मोबाईल नंबर दोन दोन आकड्यांच्या जोडीने सांगत असेल आणि मधला एकच आकडा आपल्याकडून निसटला, तर पुढच्या सगळ्या जोड्या चुकीच्या लागतात ना, तसंच. फरक इतकाच की माणूस शेवटी म्हणतो नऊच आकडे झाले, परत सांगा. डिस्प्ले असं काही म्हणत नाही.

आमच्या मामांच्या बागेत ठिबकसाठी पाण्याची टाकी आहे. विहिरीवरच्या मोटरने ती भरायची आणि मग तिथून केळीला सोडायचं. गावातल्या एका हुशार पोराने त्यांना टाकीची लेव्हल दाखवणारा बोर्ड बनवून दिलेला, एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलरवर, पत्र्याच्या पेटीत, स्टार्टरच्या बाजूलाच. पहिल्या ओळीत लेव्हल किती टक्के आणि दुसऱ्या ओळीत मोटर चालू की बंद. काम छान केलं होतं, वायरिंग इतकं स्वच्छ की बघत राहावं. पण थ्री फेज आली आणि मोटर सुरू झाली की कधीकधी डिस्प्ले हट्टाला पेटायचा. पहिल्या ओळीतला आकडा आहे तिथेच गोठायचा, टाकी भरत चाललीय आणि डिस्प्ले मात्र अजून `LEVEL 30%` दाखवतोय, खालची ओळ गायब. मामांचं म्हणणं त्यांच्या भाषेत, "एक डाव बिघडस, एक डाव आपोआप सुधरस, हाई काय शे भो?"

मे महिन्यातलं ऊन, त्यामुळे सगळ्यांचा पहिला संशय उन्हावर. तो अगदीच खोटा नाही. साधे मॉड्यूल ५० अंशांपर्यंतचेच असतात, आणि आपल्याकडे भुसावळ रावेर पट्ट्यात बाहेरच ४५ च्या वर जातं, पत्र्याच्या पेटीत तर विचारूच नका. गरम झाल्यावर काचेतलं लिक्विड क्रिस्टल कमी व्होल्टेजलाच काळं पडतं, म्हणून सगळे चौकोन गडद व्हायला लागतात आणि कॉन्ट्रास्ट ठरवणाऱ्या व्ही झिरोच्या पिनवरचा दहा केचा प्रीसेट परत फिरवावा लागतो. पण उन्हाने अक्षरं गडद होतात, आकडा गोठत नाही. आणि ऊन एकाआड एक वेळेला बिघडवत नाही.

मामा ते "एक डाव, एक डाव" म्हणाले त्यातच उत्तर होतं. मी पेटी उघडली, मोटर बंदच ठेवली, पाच व्होल्ट चालू ठेवले आणि बोर्डावरचं फक्त रीसेटचं बटण दाबलं. डिस्प्ले गोठला. परत दाबलं, व्यवस्थित. परत दाबलं, गोठला. परत, व्यवस्थित. ही टेस्ट ज्यांना ज्यांना असा प्रॉब्लेम आहे त्यांनी सगळ्यात आधी करावी. ना ऑसिलोस्कोप लागतो ना लॉजिक अॅनालायझर. डिस्प्लेची पॉवर न घालवता मायक्रोकंट्रोलर रीसेट करायचा, आणि तो अगदी शिस्तीत एकाआड एक बिघडत असेल तर तुमच्या सुरुवातीच्या कोडमधे निबलचा हिशोब जुळत नाहीये.

त्या पोराचा कोड असा होता, पॉवर आल्यावर थोडं थांबायचं, मग एकच निबल `0x2`, आणि मग `0x28`, `0x0C`, `0x01`, `0x06` हे चार पूर्ण हुकूम. पॉवर नवीन आलेली असते तेव्हा हे बरोबर चालतं. कारण कंट्रोलर स्वतःला आतून रीसेट करून आठ बिटच्या मोडमधे उभा असतो, एकटा `0x2` त्याला आठ बिटचाच हुकूम वाटतो आणि त्याचा अर्थ "चार बिटला ये" असा होतो. पुढचे चार हुकूम जोडीजोडीने जातात. सुंदर.

पण बागेत काय होतं, मोटर उचलते तेव्हा लाइनचं व्होल्टेज बसतं, अडॅप्टरमधून येणारे पाच व्होल्ट क्षणभर चारपर्यंत येतात. मायक्रोकंट्रोलरची ब्राउनआउटची सेटिंग, म्हणजे पुरवठा किती खाली गेला की स्वतःला रीसेट करायचं ती, ४.३ व्होल्टवर होती, तो रीसेट होतो, आणि तसं व्हायलाच पाहिजे. डिस्प्लेचा कंट्रोलर मात्र २.७ व्होल्टपर्यंत मजेत चालतो. त्याला काही झालंय याचा पत्ताच नाही. तो अजून चार बिटमधेच आहे, स्क्रीनवर जुना आकडा घेऊन, पुढच्या निबलची वाट बघत. आणि इकडे मायक्रोकंट्रोलर पहिल्यापासून सगळं सांगायला लागतो. त्याने पाठवलेले निबल ओळीने हे, `2`, मग `2 8`, `0 C`, `0 1`, `0 6`. डिस्प्ले त्यांच्या जोड्या लावतो त्या अशा:

```
2 2 | 8 0 | C 0 | 1 0 | 6 ...
```

आता बघा काय झालं. `0x28` गेलाच नाही, त्याच्या जागी `0x22` पोचला, ज्यात दोन ओळींचा बिट शून्य आहे, खालची ओळ तिथे गेली. `0x80` आणि `0xC0` म्हणजे नुसता कर्सर इकडून तिकडे. स्क्रीन पुसायचा हुकूम `0x01`, तो फुटून `0x10` झाला, म्हणजे कर्सर एक घर मागे, म्हणून जुना आकडा पुसलाच गेला नाही. आणि शेवटचा `6` जोडीदाराविना अडकून बसला. मग मुख्य प्रोग्राम पहिल्या ओळीवर जायला `0x80` पाठवतो, त्यातला `8` या `6` ला चिकटतो आणि `0x68` होतो, आणि `0x68` चा अर्थ आहे आपण स्वतः बनवलेल्या अक्षरांच्या मेमरीचा पत्ता. म्हणजे यानंतर पाठवलेली अक्षरं स्क्रीनच्या मेमरीत जातच नाहीत, भलत्याच मेमरीत ओतली जातात. समोर दिसतं ते फक्त जुनं `LEVEL 30%`, अगदी ठणठणीत, खरं वाटावं असं. कचरा दिसला असता तर निदान कळलं असतं.

आणि पुढच्या रीसेटला तो आपोआप सुधरतो कारण पूर्ण कोडमधे निबलची संख्या विषम आहे. एकटा `2` आणि बाकी सगळे जोडीने. एकदा घसरलेला हिशोब दुसऱ्यांदा त्याच एकट्या `2` ने परत जागेवर येतो. म्हणून एकाआड एक.

आता त्या तीन वेळा तीनकडे येऊ. मायक्रोकंट्रोलर जागा होतो तेव्हा डिस्प्ले कुठल्या अवस्थेत आहे हे त्याला माहीत नसतं, आणि विचारायचीही सोय नाही, कारण डिस्प्ले कामात आहे का हे सांगणारा बिझी फ्लॅग या टप्प्यावर वाचता येत नाही आणि आपण तर आरडब्ल्यू ग्राउंडलाच बांधलीय. पण शक्यता तीनच आहेत. एक, तो आठ बिटमधे आहे. दोन, चार बिटमधे आहे आणि पहिल्या निबलची वाट बघतोय. तीन, चार बिटमधे आहे आणि दुसऱ्या निबलची वाट बघतोय. काहीतरी असं पाठवायचं की तिन्ही वाटांनी तो एकाच ठिकाणी येईल.

आठ बिटमधे असेल तर प्रत्येक `3` म्हणजे "आठ बिटला ये" असा पूर्ण हुकूम, खालच्या चार पिनांवर काहीही असो. तो तीनदा तेच ऐकतो, काही बिघडत नाही. चार बिटमधे पहिल्या निबलवर असेल तर पहिले दोन `3` मिळून `0x33` होतं, त्याचा अर्थही "आठ बिटला ये", आणि तिसरा तीन तो आठ बिटमधे राहूनच ऐकतो. आणि तिसरी अवस्था, सगळ्यात अवघड. अर्धा हुकूम आत अडकलेला आहे. पहिला `3` त्या अडकलेल्या अर्ध्याला जाऊन चिकटतो आणि काहीतरी भलताच हुकूम तयार होतो, होऊ दे. दुसरा आणि तिसरा मिळून `0x33`. आला आठ बिटला. तिन्ही वाटा एका जागी आल्या, आणि या शेवटच्या अवस्थेसाठीच तीन तीन लागतात, दोन पुरत नाहीत. मला हा क्रम फार आवडतो, ज्याने बसवला त्याने आंधळ्या माणसालाही दार सापडेल अशी व्यवस्था करून ठेवलीय.

तिथून मग एकटा `2`, आता तो नक्की आठ बिटमधेच ऐकला जाणार, म्हणून चार बिटला येणार, आणि त्यानंतरच सगळं जोडीने.

```c
void lcd_init(void) {
  RS_LOW();
  _delay_ms(50);
  nibble(0x3); _delay_ms(5);
  nibble(0x3); _delay_us(150);
  nibble(0x3); _delay_us(150);
  nibble(0x2); _delay_us(150);
  cmd(0x28);
  cmd(0x08);
  cmd(0x01); _delay_ms(3);
  cmd(0x06);
  cmd(0x0C);
}
```

यात `nibble` म्हणजे चार तारांवर आकडा ठेवून ई एकदा वर खाली करायची, आणि `cmd` म्हणजे वरचा निबल, खालचा निबल, आणि मग थांबणं. `0x28` म्हणजे चार बिट, दोन ओळी, पाच बाय आठचं अक्षर. `0x08` डिस्प्ले बंद, `0x01` पुसा, `0x06` कर्सर उजवीकडे सरकत जाऊ दे, आणि `0x0C` डिस्प्ले चालू, कर्सर लपवून.

आता थांबण्याबद्दल, कारण लोक सगळ्यात जास्त काटछाट इथेच करतात. डेटाशीट म्हणतं पुरवठा ४.५ व्होल्टला पोचल्यावर १५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबा, २.७ वर पोचल्यावर ४० पेक्षा जास्त. मी सरळ ५० ठेवतो, कारण मायक्रोकंट्रोलर पुरवठा पूर्ण चढायच्या आधीच जागा होऊ शकतो, आणि काही दुसऱ्या बनावटीच्या कंट्रोलरना १५ च्या जागी ३० लागतात. पहिल्या `3` नंतर ४.१ मिलिसेकंदांपेक्षा जास्त आणि दुसऱ्यानंतर १०० मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त. पहिल्यालाच इतकं का, तर तिसरी अवस्था आठवा. अडकलेला अर्धा `0` असेल तर `3` चिकटून `0x03` होतं, तो कर्सर घरी नेण्याचा हुकूम, आणि हा नि पुसण्याचा हुकूम हेच दोघे सगळ्यात संथ, १.५२ मिलिसेकंदवाले. बाकी हुकूम ३७ मायक्रोसेकंदांत होतात. पहिल्या तीनमुळे असा संथ हुकूम सुटला असेल तर तो संपेपर्यंत दुसरा तीन पाठवून उपयोग नाही, कंट्रोलर तो ऐकणारच नाही, आणि मग सगळा हिशोब परत एकाने चुकणार.

आणि ३७ आणि १.५२ या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. ते २७० किलोहर्ट्झच्या आतल्या घड्याळासाठी आहेत, आणि ते घड्याळ क्रिस्टलचं नाही, एका रेझिस्टरवर चालतं. डेटाशीटमधेच त्याची रेंज १९० ते ३५० दिलीय. १९० वाला पीस तुमच्या वाट्याला आला तर ३७ चे साधारण ५३ मायक्रोसेकंद होतात आणि १.५२ चे २.१६ मिलिसेकंद. आर्डुइनोच्या लिक्विडक्रिस्टल लायब्ररीत पुसल्यानंतर २ मिलिसेकंद थांबतात, बहुतेक मॉड्यूलना ते पुरतं, पण अशा संथ पीसला नाही पुरणार. लक्षण म्हणजे पुसल्यावर पहिलंच अक्षर गायब होतं किंवा तिथूनच निबल घसरतो. मी ३ मिलिसेकंद ठेवतो आणि प्रत्येक साध्या हुकुमानंतर किंवा अक्षरानंतर ६० मायक्रोसेकंद. ३२ अक्षरांची पूर्ण स्क्रीन त्यात दोन मिलिसेकंदांच्या आसपास लिहून होते, टाकीची लेव्हल दाखवायला कोणाला घाई आहे.

उलट बाजूला ई ची पल्स, ती पाच व्होल्टवर किमान २३० नॅनोसेकंद हवी आणि ३.३ व्होल्टच्या आसपास ४५०. एटीमेगासारख्या सोळा मेगाहर्ट्झच्या एव्हीआरवर घड्याळाचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा असतो आणि पिन वर किंवा खाली करायला दोन ठोके लागतात, म्हणजे पिन वर आणि लगेच खाली केली तर पल्स दोन ठोक्यांची, १२५ नॅनोसेकंद. कमी पडते. आणि गंमत म्हणजे खोलीत, लहान वायरवर, ती बऱ्याचदा चालूनही जाते. एक मायक्रोसेकंद ठेवा आणि विषय सोडा.

मामांच्या बोर्डात कोड बदलला आणि रीसेटचं बटण कितीही वेळा दाबलं तरी डिस्प्ले उठून उभा. त्या पोरालाही तिथेच बोलावून घेतलं, त्याने स्वतः जोड्या कागदावर लावून बघितल्या आणि `0x10` पाशी आला तेव्हा त्याचा चेहरा खुलला. पण एवढ्यावर सोडलं असतं तर काम अर्धवट राहिलं असतं, कारण हा उपाय फक्त सुरुवातीचा आहे. स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर सुटतो तेव्हा त्याच्या कॉइलमधून जो झटका निघतो तो लांब वायरवर येऊन बसला आणि ई पिनवर एक खोटी पल्स गेली, तर मायक्रोकंट्रोलर रीसेट न होताही निबल घसरतो. याची खूण वेगळी. समजा `WATER LEVEL` लिहिताना मधल्या स्पेसनंतर खोटी पल्स आली. `LEVEL` चे निबल `4 C 4 5 5 6 4 5 4 C`. एकाने घसरल्यावर पहिला `4` त्या खोट्या निबलला जातो, आणि उरलेल्यांच्या जोड्या `C4`, `55`, `64`, `54`. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक मॉड्यूलमधे जपानी अक्षरांचा रॉम असतो, त्यात `C4` म्हणजे `ト`, बाकीचे इंग्रजी `U`, `d`, `T`. मधेच जपानी अक्षर आणि त्याच्यामागे असं काहीतरी `UdT` दिसलं की लोक म्हणतात डिस्प्ले जळाला. जळालेला नाही. अक्षरांचे कोड लिहून काढा, एक निबल सरकवा, समोर दिसणारी अक्षरं मिळतात का बघा. मिळाली तर खात्री झाली.

त्यासाठी आम्ही तीन गोष्टी केल्या. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर तो झटका गिळणारा आरसी स्नबर लावला. डिस्प्लेच्या पुरवठ्याच्या पिनांवर अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि वायर तोडून वितभर केली. आणि तिसरी कोडमधली, मोटर चालू किंवा बंद झाली की थोड्या वेळाने, आणि तसंही दर मिनिटाला, तोच तीन तीन तीन दोनचा क्रम परत पाठवायचा, मागोमाग `0x28`, `0x06`, `0x0C`, आणि दोन्ही ओळी नव्याने लिहायच्या. सुरुवातीचे ५० मिलिसेकंद परत लागत नाहीत, पुरवठा तर चालूच आहे. `0x08` आणि `0x01` मात्र मुद्दाम गाळले, नाहीतर दर मिनिटाला स्क्रीन पापणी मारल्यासारखी लुकलुकते. सगळे हिशोबात धरून सात आठ मिलिसेकंदांचं काम आहे, ते चालू असताना बघणाऱ्याला काही कळतही नाही. मधे घसरलाच तर जास्तीत जास्त मिनिटभर चुकीचं दिसेल. मामांनी विचारलं दहा सेकंदांना का नाही, मी म्हटलं तसंही चालेल, आणि मग दहाच ठेवलं.